डाव्या चाकापासून सुरुवात

येरवड्यात आमचं टायरचं दुकान होतं. नवे टायर, पंक्चर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि ठरावीक किलोमीटर झाले की टायर पुढचे मागे, मागचे पुढे फिरवून देणं. पप्पा कामाला होते ती कंपनी नव्वदीनंतर बंद पडली तेव्हा त्यांनी हे दुकान टाकलं होतं. सकाळी त्रिशरण म्हणून मगच कॉम्प्रेसर चालू करायचे. हवा किती आहे हे ते आधी टायरवर तळहात मारून सांगायचे आणि काटा नंतर लावायचे. काटा बहुतेक वेळा त्यांच्याच बाजूनं साक्ष द्यायचा, म्हणून त्यांचा तळहातावर फार विश्वास.

मी तेव्हा एका आयटी कंपनीतली नोकरी सोडून दुकानात आले होते. दिवसभर हेडफोन लावून परदेशातल्या माणसांना कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगायचं, असलं काम. नातेवाईक म्हणाले, पोरगी एसीतून उठून ग्रीसमध्ये जाऊन बसली. मला ग्रीस आवडत होतं. आणि मला डोळ्यांनी दिसत होतं की समोरच्या काचेच्या इमारतींमधून येणाऱ्या नव्या गाड्यांच्या चाकांत सेन्सर असतात. वॉल्व्हच्या आतल्या टोकाला बसवलेली छोटी डबी, ती हवेचा दाब मोजून गाडीला कळवते, आणि दाब फार उतरला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. उद्या सगळ्याच गाड्या तसल्या होणार होत्या. पप्पांना मात्र तो दिवा म्हणजे दुकानात शिरलेलं भांडण वाटायचं.

त्याला कारणही होतं. एका इंजिनिअरनं टायर फिरवून घेतले, दुसऱ्या दिवशी दिवा लावून परत आला आणि भर दुकानात पप्पांना अडाणी म्हणाला.  संध्याकाळी पप्पा पेंटरकडे गेले आणि पत्र्याची पाटी रंगवून आणली: ‘सेन्सरवाल्या गाड्यांचे टायर फिरवून मिळणार नाहीत. कृपया वाद घालू नये.’ ती लावू नये म्हणून मी इतकी भांडले की शेवटी पाटी कॉम्प्रेसरच्या मागे, तोंड भिंतीकडे करून उभी राहिली. पण ती तिथे होती. रोज हवा भरायला गेलं की तिची पाठ दिसायची. ती पाटी वर गेली असती तर आमचं दुकान हळूहळू जुन्या गाड्यांबरोबर संपलं असतं, आणि मी परत हेडफोन लावला असता.

अशात नारायण पेठेतल्या डॉक्टरीणबाई आल्या. निवृत्त, एकट्या राहणाऱ्या, पण दर आठवड्याला स्वतः गाडी चालवत घाट उतरून मुंबईला लेकीकडे जाणाऱ्या. लेकीनंच घेऊन दिलेली मोठी गाडी, डॅशबोर्डच्या पडद्यावर चारही चाकांचे आकडे दाखवणारी. आठवडाभरापूर्वीच पप्पांनी तिचे टायर फिरवले होते.

“अहो, आपण टायर फिरवलेत का दिवा बसवलात?” त्या खिडकीतूनच म्हणाल्या.

पिवळा दिवा लागलेला होता. पडद्यावर डावं पुढचं चाक चोवीस, बाकी तीन तेहतीसच्या आसपास. पप्पांनी डाव्या पुढच्या टायरवर तळहात मारला आणि तोंड वाकडं केलं. “हा तर भरलेला आहे.” तरी पडदा म्हणतो म्हणून नळी लावली. हवा भरली, आकडा चोवीसच. आणखी भरली, चोवीसच. टायर ढोलासारखा ताठ झाला.

“बघा मॅडम, मशीन खोटं बोलतंय,” पप्पा म्हणाले.

“मला गाडीनं खोटं बोललेलं चालत नाही,” बाई म्हणाल्या. “पेशंट बोलायचे तेवढं पुरे झालं.”

मी गाडीत बसून पडदा बघत होते. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की एक आकडा हलत होता. डावा पुढचा नाही, उजवा मागचा. पप्पा डाव्या पुढच्या टायरमध्ये हवा भरत होते आणि पडद्यावर उजवं मागचं चाक एकेचाळीसवर गेलं होतं.

“पप्पा, टायर कसे फिरवले होते?”

“कसे म्हणजे? नेहमीसारखे. पुढचे सरळ मागे, मागचे तिरके पुढे.”

म्हणजे उजवं मागचं चाक आता डावीकडे पुढे होतं, आणि गाडीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. सेन्सर चाकाबरोबर गेले होते, पण गाडीच्या डोक्यात ते जुन्याच जागी होते. मग पडदा ज्याला डावं पुढचं म्हणत होता ते चाक खरं डावीकडे मागे असणार. मी उतरून तिथे काटा लावला. चोवीस. गाडी जॅकवर घेऊन टायर हातानं फिरवून बघितला तर चरीत खिळा, डोकं झिजून चकचकीत झालेला.

दिवा खरं बोलत होता. फक्त बोट चुकीच्या चाकाकडे दाखवत होता. बाईंनी वाकून खिळा बघितला आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. “मी उद्या घाट उतरणार होते,” एवढंच म्हणाल्या.

पंक्चर काढलं, चारही चाकांत हवा सारखी केली, बाई एक चक्कर मारून आल्या, दिवा गेला. पप्पांच्या दृष्टीनं विषय संपला. “झालं. जाऊ दे त्यांना.”

“नाही झालं. गाडी अजून चुकीचंच चाक दाखवणार. परत हवा उतरली तर घाटात कुठलं बघायचं त्यांनी? गाडीला चाकं नव्यानं ओळखायला शिकवावी लागतात.”

पप्पांनी हातातलं फडकं आपटलं. “शिकव मग! आणि नाही जमलं तर पाटी लागली म्हणून समज. आज, आत्ता. मला परत अडाणी म्हणवून घ्यायचं नाही.”

“हो,” मी म्हणाले. रागात म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर घाबरले.

गाडीचं पुस्तक बाईंनी घरी कपाटात नीट ठेवलं होतं, म्हणजे गाडीत छत्रीशिवाय काही नव्हतं. मी फोनवर त्याच गाडीचा व्हिडिओ शोधला. एक अमेरिकन माणूस सांगत होता: हँडब्रेक लावा, स्टिअरिंगवरच्या बटणांनी टायर शिकवायचं पान काढा, बटण दाबून धरा, हॉर्न दोनदा वाजेल. मग ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकातली हवा हॉर्न वाजेपर्यंत सोडा. हॉर्न वाजला की ते चाक गाडीनं ओळखलं. मग दुसऱ्या बाजूचं पुढचं, त्याच बाजूचं मागचं, शेवटी ड्रायव्हरच्या बाजूचं मागचं.

मी तसंच केलं. ड्रायव्हरच्या चाकाशी बसले, वॉल्व्हची पिन दाबली. हवा फुसफुसत राहिली, काहीच होईना. पप्पा हाताची घडी घालून उभे. आणि मग पॉं! मी उठून पळाले. दुसरं चाक, पॉं. तिसरं, पॉं. चौथं, पॉं, आणि लगेच दोनदा, संपल्याची खूण. रस्त्यावरचे दोन रिक्षावाले थांबून बघायला लागले. मी घामेजलेली, फुशारलेली. चारही टायर पुन्हा भरले आणि पप्पांकडे ‘बघितलंत?’ अशा नजरेनं बघितलं.

“खात्री काय?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “औषध दिलं म्हणजे गुण आला असं नसतं.”

मी म्हटलं, आत्ता दाखवते. डाव्या पुढच्या चाकातली हवा जराशी सोडली. बाई पडद्यासमोर बसल्या होत्या.

“उजवं पुढचं उतरलं,” त्या म्हणाल्या.

मी मागच्या चाकांवर करून बघितलं. डावं सोडलं की उजवं उतरत होतं, उजवं सोडलं की डावं. पुढचं-मागचं बरोबर, बाजू उलट्या.  पप्पा कॉम्प्रेसरच्या मागे गेले आणि पाटी काढून तिच्यावरची धूळ झटकायला लागले. त्यांचा चेहरा आनंदी नव्हता, हे मी सांगायलाच हवं. मला रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून मी फोन उघडून तो व्हिडिओ परत लावला.

तो माणूस दार उघडून गाडीत बसत होता. डावीकडून. त्याचं स्टिअरिंग डावीकडे होतं!

त्याची ड्रायव्हरची बाजू म्हणजे डावी. मी त्याचं ऐकून आमच्या ड्रायव्हरच्या बाजूनं, उजवीकडून सुरू केलं होतं. गाडी तर आपली डावं पुढचं, उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं मागचं याच क्रमानं वाट बघत होती. मी उजव्या चाकाची हवा सोडली, तिनं तेच डावं म्हणून मान्य केलं आणि हॉर्न वाजवला. बिचारीला काय माहीत मी कुठे बसलेय! दोन वर्षं मी त्याच देशातल्या माणसांचे कॉम्प्युटर दुरुस्त केले होते, पण ते गाडीत कुठे बसतात हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“पप्पा, थांबा. एकदा अजून. पाटी खाली ठेवा.”

पप्पांनी पाटी खाली ठेवली नाही, पण थांबले. मी पुन्हा शिकवायचं पान काढलं, दोन हॉर्न, आणि या वेळी डावीकडे जाऊन बसले. पॉं. उजवं पुढचं, पॉं. उजवं मागचं, पॉं. डावं मागचं, पॉं, आणि मग शेवटचे दोन. चारही टायर पुन्हा भरून मी वॉल्व्हची पिन दाबायला तयार राहिले.

“मॅडम, आता तुम्ही सांगा. मी कुठलं चाक सोडतेय ते मी नाही सांगणार.”

“डावं मागचं,” बाई आतून म्हणाल्या. बरोबर. “उजवं पुढचं.” बरोबर. “उजवं मागचं. डावं पुढचं.” चारही बरोबर! मी अक्षरशः उडी मारली. रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना कशाबद्दल ते कळलं नव्हतं तरी. मला आयुष्यात इतका आनंद फार थोड्या वेळा झालाय आणि तो मी लपवला नाही.

काट्यानं मोजून शेवटची हवा पप्पांनी भरली. बाई जाताना काच खाली करून त्यांना म्हणाल्या, “मुलगी बरी आहे तुमची. पुढच्या वेळी टायर फिरवलेत की गाडीलाही कळवत चला.” पुण्यात याला भरघोस कौतुक म्हणतात.

पप्पांनी पाटी उचलली आणि मागे नेली. मला वाटलं पुन्हा भिंतीशी उभी करतील. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेले तर ती शटरच्या वर लागलेली. शेवटी वर गेलीच ती, मी म्हटलं. मग वाचलं. पाटी उलटी केलेली होती आणि पाठीवर, पेंटरकडे न जाता, पप्पांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: ‘सेन्सरवाल्या गाड्यांचे टायर फिरवून व शिकवून मिळतील.’

खाली बारीक अक्षरात, बहुतेक स्वतःसाठीच, आणखी एक ओळ होती: ‘डावीकडून.’