भिंतीवरचा फार्मासिस्ट

गोळीवाल्या काकांनी आयुष्यात दोनच प्रकारची माणसं पाहिली होती, काउंटरच्या आतली आणि बाहेरची. ते स्वतः बावीस वर्षं आतले. एका जुन्या मेडिकलमध्ये झाडू मारायला लागले आणि हळूहळू कपाटं लावत, चिठ्ठ्या वाचत, गोळ्या देत अख्खं दुकानच सांभाळू लागले. मालक गल्ल्यावर पेंगायचा. गिऱ्हाइकं काकांना डॉक्टर म्हणायची आणि काका नको नको म्हणत खूश व्हायचे. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं ते स्वतःच सांगायचे. बाकी कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही.

त्या दुकानात फार्मासिस्टही होता. म्हणजे भिंतीवर होता. काचेच्या फ्रेममध्ये त्याचं रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट, कोपऱ्यात चिकटवलेला फोटो, फोटोत भरघोस केस आणि रुंद टाय. तो माणूस प्रत्यक्षात काकांना कधीच दिसला नाही. तपासणीला कुणी आलं की मालक म्हणायचा, "आत्ताच जेवायला गेले." काकांना त्यात वावगं वाटलं नाही. दुकानाला पाटी लागते, वजनकाटा लागतो, तसा एक फार्मासिस्ट लागतो, आणि तो भिंतीला लावतात, अशी त्यांची साधी समजूत होती.

म्हातारा मालक गेला आणि मुलांनी दुकान विकलं, तेव्हा काका एकदम बाहेरचे झाले. घरी बसवेना. काकूंशी दिवसातून तीनदा खटके उडू लागले. शेवटी साठवलेलं सगळं किडुकमिडुक बाहेर काढून त्यांनी मुख्य रस्त्याच्या वळणावर एक गाळा भाड्याने घेतला. आता मरेपर्यंत स्वतःच्या काउंटरमागे बसायचं, एवढीच एक इच्छा होती. लायसन्स मिळालं नाही तर गाळाही जाणार, पुंजीही जाणार आणि पुन्हा कुणाच्या तरी दारात नोकरी मागायला जावं लागणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

फार्मासिस्टचा प्रश्न त्यांना प्रश्नच वाटला नाही, कारण सूनबाई रजिस्टर्ड फार्मासिस्ट होती. लग्नाआधी तिने हॉस्पिटलच्या औषध विभागात दोन वर्षं काम केलं होतं. आता पोर लहान म्हणून घरी होती. मुलगा कामानिमित्त महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. काकांनी एका संध्याकाळी कागदांची चळत तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "सूनबाई, इथे, इथे आणि इथे सही कर."

तिने एकेक कागद वाचायला घेतला. काकांना गंमत वाटली. स्टॅम्प पेपरवर लिहिलेलं कधी कुणी वाचतं का?

"बाबा, यात लिहिलंय की मी दुसरीकडे कुठेही काम करत नाही आणि या दुकानात पूर्ण वेळ..."

"असतंच ते. सगळ्यांचं तेच असतं. कर तू."

तिने सासऱ्यांकडे जरा वेळ पाहिलं, गालात हसली आणि सही केली. ती का हसली ते काकांना कळलं नाही. कळायला हवं होतं, पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात फक्त पाटीचा रंग होता.

अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा होता. तो भरून देणाऱ्या माणसाने भाडेकरार मागितला, गाळ्याचा नकाशा मागितला, फ्रिजचं बिल मागितलं, सूनबाईचं सर्टिफिकेट आणि ते चालू असल्याची पावती मागितली, जुन्या नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र मागितलं. काका एकेक आणून देत होते आणि प्रत्येक वेळी विचारत होते, "हे कशाला?" तो म्हणायचा, "लागतं." या उत्तरावर काकांचं समाधान व्हायचं. बावीस वर्षं त्यांनीही गिऱ्हाइकांना हेच उत्तर दिलं होतं.

नकाशा गेला, फी भरली, आणि मग काकांनी सुताराला बोलावलं. गाळा होता चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद. मागच्या बाजूला एक मीटर सोडून त्यांनी प्लायवूडचं पार्टिशन घालून घेतलं आणि आत खाट टाकली. आयुष्यभर उभं राहून पिंढऱ्यांच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्या होत्या. दुपारी घटकाभर पाठ टेकायला मिळावी, यात कुणाचं काय जातं? मग सर्टिफिकेटची रंगीत झेरॉक्स काढून, सोनेरी काठाच्या फ्रेममध्ये घालून, काउंटरच्या वर बरोबर मधोमध लावली. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. दुकान पुरं झालं होतं.

ड्रग इन्स्पेक्टर बाई आल्या त्या दिवशी काका इस्त्रीच्या शर्टात दारातच उभे होते. बाई चाळिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. चप्पल बाहेर काढू का असं काकांनाच विचारून आत आल्या, त्यामुळे काका आधीच गोंधळले. इन्स्पेक्टर म्हणजे कडाडणारा माणूस, अशी त्यांची तयारी होती.

बाईंनी फ्रिज उघडला. आत पाण्याच्या दोन बाटल्या आणि द्राक्षांचा घड.

"हा औषधांसाठी आहे ना?"

"औषधं यायचीत अजून, मॅडम. तोवर म्हटलं..."

"तोवरही नाही. आत थर्मामीटर ठेवा. आणि मुदत संपलेल्या औषधांची जागा कुठे केलीय?"

काकांनी घाईघाईने एक रिकामा खण दाखवला. बाईंनी त्यावर तशी चिठ्ठी लावायला सांगितलं. मग त्या पार्टिशनपाशी थांबल्या. "यामागे काय?"

"काही नाही. आराम."

बाईंनी आत डोकावून खाट पाहिली, पिशवीतून टेप काढली आणि टोक काकांच्याच हातात दिलं. काकांनी ते इमानदारीने भिंतीला धरून ठेवलं. "नकाशात ही भिंत नाही. पुढची जागा उरली नऊ चौरस मीटर. किमान दहा लागते."

"पण गाळा बाराचा आहे मॅडम! मागचे तीन धरा की."

"मागे तुम्ही झोपणार आहात."

काकांना हे गणित काही पटेना. गाळा एकच, भाडं एकच, भिंत तर त्यांनीच घातलेली, मग तीन चौरस मीटर गेले कुठे? पण तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न आला.

"फार्मासिस्ट कुठे आहेत?"

काकांचा चेहरा खुलला. हे उत्तर त्यांना येत होतं. त्यांनी वर बोट दाखवलं. "त्या काय."

बाईंनी वर पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. "आणि त्या स्वतः?"

"स्वतः म्हणजे?"

"म्हणजे माणूस. त्यांना बोलवा."

काकांनी फोन लावला. पलीकडून सूनबाई म्हणाली, "निघालेच आहे, बाबा." निघालेच आहे? हिला कुणी सांगितलं? पाच-दहा मिनिटांत ती रिक्षातून उतरली. केस घट्ट बांधलेले, हातात फाइल, मूळ सर्टिफिकेट, ओळखपत्र. पोर काकूंकडे ठेवून आली होती. दोघी आठवडाभर या दिवसाची तयारी करत होत्या आणि घरात राहून काकांना त्याचा पत्ता नव्हता.

बाईंनी कागद पाहिले, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला आणि विचारलं, "दुकान उघडं असेल तेवढा वेळ तुम्ही इथे हजर राहणार ना?"

सूनबाईने तोंड उघडलं, पण काका मधे पडले. आपल्या घरच्या लेकीसुनेला कुणी जुंपू पाहतंय असंच त्यांना वाटलं. "छे छे, मॅडम! ती कशाला राहील? घरात लहान मूल आहे. मी आहे ना समर्थ. तिचं फक्त सर्टिफिकेट."

बाईंनी पेन काढलं.

"काका, हे जे तुम्ही आत्ता बोललात, त्यावर मी अर्ज इथेच नामंजूर करू शकते. ठाऊक आहे?"

काकांची पाचावर धारण बसली. आपण काय वाईट बोललो? बावीस वर्षं जे पाहिलं तेच सांगितलं. उलट सुनेला त्रास नको म्हणून चांगलंच बोललो. पण समोरच्या पेनाकडे पाहताना त्यांना गाळा दिसला, पुंजी दिसली आणि काकूंचं तोंड दिसलं.

"मॅडम," सूनबाई म्हणाली, "मी बसणार आहे. उघडल्यापासून बंद होईपर्यंत. मी बाहेर गेले तर चिठ्ठीवरचं औषध कुणी देणार नाही. सही मी वाचून केलीय."

"आणि हे?" बाईंनी पेनाने काकांकडे खूण केली.

"ते मालक आहेत. माझ्या देखरेखीखाली मदत करतील."

देखरेखीखाली! कालपर्यंत जी आपल्या ताटात वाढत होती, तिच्या देखरेखीखाली! काकांना राग यावा की हसू, हेच कळेना, आणि दोन्ही मधेच अडकून बसले. बाईंनी लिहिलं ते एवढंच: पार्टिशन काढा, फ्रिज मोकळा करा, फेरतपासणी होईल. जाताना चप्पल घालता घालता म्हणाल्या, "जुन्या दुकानात होता का हो कुणी फार्मासिस्ट?"

"होते," काका म्हणाले. "जेवायला गेलेले असायचे." बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं.

बाई गेल्यावर काका खाटेच्या कडेवर टेकले. "मला आधी का नाही सांगितलंस, तुला इथे बसायचंय म्हणून?"

"तुम्ही सही मागितलीत, बाबा. मला कुठे काय विचारलंत?" ती रागाने बोलली नाही, त्यामुळे जास्तच लागलं.

पार्टिशन निघालं. खाट घरी गेली आणि काकूंनी ती पुढच्या खोलीत नेमकी अडचण होईल अशी ठेवली. फेरतपासणी झाली, आणि काही आठवड्यांनी लायसन्स आलं. त्यावर दुकानाचं नाव होतं, काकांचं होतं आणि फार्मासिस्ट म्हणून सूनबाईचं होतं.

पहिल्या दिवशी जुन्या दुकानाचं एक गिऱ्हाईक वाट काढत आलं. म्हातारे गृहस्थ, गुडघेदुखीने बेजार. "डॉक्टर, सापडलात एकदाचे!" म्हणत त्यांनी चिठ्ठी सरळ काकांच्या हातात दिली. वर्षानुवर्षांची ओळखीची गोळी. काकांचा हात कपाटाकडे गेला, पाकीट हातात आलं, आणि कसं कोण जाणे, हात तिथेच थांबला. ते वळले.

"सूनबाई, ही... हीच द्यायची ना?"

तिने चिठ्ठी घेतली, वाचली आणि म्हाताऱ्यांना विचारलं, "आजोबा, यासोबत अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"रक्त पातळ करायची एक आहे की. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली. तीन वर्षं झाली."

"मग ही आज देत नाही. दोन्ही एकत्र घेतल्या तर आतून रक्तस्राव होऊ शकतो. तुमच्या डॉक्टरांना मी फोन करते, बसा तुम्ही." तिने स्टूल पुढे सरकवलं.

म्हातारे बसले आणि काकांकडे पाहून हसत म्हणाले, "तुम्ही तर असलं कधी काही विचारलं नव्हतंत, डॉक्टर."

काका पाकीट हातात धरून उभे होते. हेच पाकीट त्यांनी या माणसाला दोन वर्षं, न चुकता, स्वतःच्या हाताने दिलं होतं. सूनबाईचा फोन लागला होता, ती हळू आवाजात बोलत होती. काकांनी पाकीट परत जागेवर ठेवलं, काउंटरला वळसा घालून बाहेर आले आणि म्हाताऱ्यांच्या शेजारी उभे राहिले.

"मला डॉक्टर म्हणू नका," ते म्हणाले.