आजीवन कोणाचं?

"आजीवन म्हंजे आजीवन, नलूताई! पह्यल्या मालकानं पैसे भरलेत."

"मंग हे कुलूप कायले दिसून राह्यलं, घनश्यामभाऊ?"

जुन्या गाड्या विकणाऱ्या घनश्यामच्या आवारात नलूताईंचं बोट एका गाडीच्या पडद्यावर होतं. थंड सीटच्या बटणावर कुलपाचं चित्र आलं होतं. मागच्या आठवड्यात त्या गाडी बघायला आल्या, तेव्हा हीच सीट पाठीला गार वारा देत होती.

वणीहून चंद्रपूरला डायलिसिसचे पेशंट नेणं हे नलूताईंचं बारा वर्षांचं काम. मे महिन्यात परतताना त्या पेशंटपैकी उकंडाकाकांची पाठ भाजून निघायची. त्यांच्यासाठीच ही वापरलेली गाडी घ्यायची होती. इसार पर्समध्ये तयार होता.

"पंखा सीटमंदीच हाय ना, ताई. आता मोबाइलवरून महिन्याचे भरा, लगेच उघडते."

"भरले तं ते कोनाच्या नावावर लागतीन?"

घनश्याम टायरकडे बघू लागला. नलूताईंनी कंपनीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"मॅडम, आजीवन योजना पहिल्या मालकाच्या खात्यावर होती," पलीकडची मुलगी म्हणाली. "त्यांनी सोमवारी गाडी खात्यातून काढली. गाडीची नोंदणी, म्हणजे आरसी, तुमच्या नावावर झाली, की योजना नवीन घ्यावी लागेल. दर तेव्हा असेल तो."

"म्हंजे आजीवन मालकाचं, गाडीचं नाही?"

"बरोबर, मॅडम."

"पाह्यलं?" नलूताई म्हणाल्या. "अन् तुमी गाडीच्या काचेवर 'थंड सीट आजीवन' लिहून ठेवलं!"

"ताई, पाच हजार कमी करतो! काकांले काय सांगान आता?"

नलूताईंनी इसार आतच ठेवून पर्सची चेन बंद केली. बाहेर उन्हात त्यांची जुनी गाडी उभी होती. मागच्या सीटवर काकांचा ओला टॉवेल वाळत होता. त्या मागे न बघता तिकडे चालू लागल्या.