फोनला लावलेली दोरी

अगं ये, बस अशी जवळ. दर वेळी "येते, येते" म्हणतेस, मावशीला फसवायला लाज न्हाई वाटत?

मागं लेक फौजेतून सुट्टीवर आला तवाची गोष्ट सांगते. तो लहान होता तवा टीव्हीला बटणांचा खेळ जोडून आम्ही मायलेक आळीपाळीनं गाड्या पळवायचो. आता तो फोनवर एकटाच बोटं घासत बसायचा. फोनला दोन्हीकडनं चिमट्यासारखी बसणारी बटणं इस्लामपुरात मिळतात, असं कळलं. गुपचूप आणावीत म्हणून, तो अंघोळीला गेल्यावर, बांगडीचं माप घेतात तशी त्याच्या फोनला दोरी लावली.

दुकानात ती दोरी दाखवली तर दुकानदार हसला. "आवं मावशी, कव्हरासकट मापलं व्हय? लांबी जमतीय, पण जाड कव्हर काढूनच बसवायचं. आणि गेम कुठली? काही गेम बटणं घेतच न्हाईत."

दोरीवर गेमचं नाव कुठनं येणार! शेवटी लेकालाच फोन लावून विचारलं, असली बटणं तुझ्या गेमला चालतात का.

"आई, लढाईच्या गेमला चालत न्हाई. गाड्यांच्या गेमला चालतंय, सेटिंगमध्ये कंट्रोलर दिसतोय. पण तुला कशाला?"

"तुला हरवायला!"

संध्याकाळी बटणं लावून दोघं पायरीवर बसलो. माझी गाडी सारखी रस्त्याबाहेर, आणि हा पूर्वीसारखाच ओरडतोय, "आई, आता माझी पाळी!"

सुट्टी संपून जाताना त्यानं बटणं माझ्या फोनला बसवून बघितली आणि इथंच ठेवली. पण एकटीनं गाडी पळवण्यात मजा न्हाई गं. या रविवारी मुक्कामालाच ये.