वड्यातली वाफ

बरखेड्याला नवऱ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत बटाटेवड्यांचा स्टॉल आम्हा बायकांचा. एका वर्षी वडे असे तेलकट झाले की लोक दोन बोटांत धरून खात होते. पुढच्या वर्षी सेक्रेटरी घरी आले. ग्वाल्हेरचे गृहस्थ, बोलायला साखर.

"वहिनी, यंदा हलवाईकडून समोसेच मागवून घेऊ. तुम्ही बायका खामखा परेशान होता."

माझं डोकंच फिरलं. "पहिल्या संध्याकाळी आमचे वडे खा. तेलकट निघाले तर खुशाल हलवाई बसवा!"

बोलून तर बसले, पण वडे तेल का पितात हे मला कुठे ठाऊक होतं? बेसन बदललं, सोडा बंद केला, तरी तेच. आमची सगळ्यांची एक सवय होती. सिलिंडर जपायचा म्हणून घाणा होत आला की आधी गॅस बंद करायचा, मग सावकाश वडे काढायचे आणि गरम राहावेत म्हणून डब्यात झाकून ठेवायचे. एकदा चिडून मी गॅस चालूच ठेवला आणि अर्धे वडे बुडबुडे येत असतानाच उपसले. मग गॅस बंद करून उरलेले तसेच कढईत राहू दिले. पहिले कोरडे निघाले, दुसरे तेलाने जड.

नवरा कारखान्यात वाफेच्याच यंत्रांवर होता. मी दोन्ही वडे त्याच्यापुढे आपटले.

"सोपं आहे," तो चावत म्हणाला. "बुडबुडे म्हणजे आतल्या पाण्याची वाफ. ती जोरात बाहेर पडते तोवर तेलाला आत शिरता येत नाही. वडा निवायला लागला की आतल्या वाफेचं पाणी होतं, तिथे पोकळी होते आणि सालीवरचं तेल आत ओढलं जातं."

"म्हणजे बाहेर काढल्यावरही?"

"तेव्हाच तर जास्त. म्हणून अंगावरचं तेल लगेच झटकायला हवं."

इतकी वर्षं आम्ही कढईला दोष देत होतो आणि तेल मुरत होतं डब्यात!

पहिल्या संध्याकाळी मी मांडवामागे हुकूमशहा झाले. तेल चांगलं तापलेलं, घाणा लहान, गॅस चालू. झारा कढईवरच जोरात झटकायचा, वडे जाळीवर सुटे मांडायचे, वर झाकण नाही. एकीने सवयीने शेगडीच्या बटणाकडे हात नेला तर मी अशी ओरडले की आरतीवाले वळून बघायला लागले.

सेक्रेटरी आले. वडा मोडला, बोटं चोळून पाहिली, मग अख्खा संपवला. मला हसू आवरेना. एवढा आनंद मला लेकाच्या निकालालाही झाला नव्हता.

"वहिनी, अजून दोन द्या ना," ते हळूच म्हणाले.

त्यांच्यामागे रांग पार मांडवाच्या दारापर्यंत गेली होती.

"देते की," मी म्हटलं, "रांगेत या."

आणि ते गेले. सगळ्यांत शेवटी जाऊन उभे राहिले.