झिजलेला धवला

कोलशेतहून कल्याणला निघालो तेव्हा होडीत माझ्यापेक्षा सुक्या मासळीला जास्त जागा होती. आत्या काठावरून ओरडली, "बुका वाच, पन जेव बी." कल्याणात ग्रंथपाल झालो, भाषा शुद्ध केली, कोट चढवला. कोटाला मासळीचा वास वर्षभर येत राहिला.

पुढे वाचनालयात फोनोग्राफ आला आणि आसपासच्या गावांची गाणी साठवायचं ठरलं. कर्ण्यात तोंड घालून गायचं. सुई मेणाच्या नळीवर रेघ कोरते. तीच रेघ पुन्हा फिरवली की गाणं ऐकू येतं. एका नळीत जेमतेम दोन मिनिटं मावतात. माझी आत्या धवलारीण, म्हणजे आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी. लग्न नसताना धवला गायला तर अपशकुन होतो, म्हणून मी चुलत बहिणीच्या मांडवातच यंत्र नेलं. आत्याने आधी कर्ण्याला हळद लावली, मग गायली. दोन मिनिटांनी मी "थांब" म्हणालो, तर नवरदेवच पाटावरून उठायला लागला.

नळी कापूस घातलेल्या डब्यात, वाचनालयाच्या कपाटात ठेवायची होती. मी ती यंत्रासकट खोलीवर नेली आणि रोज जेवताना लावू लागलो. दर वेळी सुई थोडं मेण खरवडते, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याला तासभर बोलणारा माणूस मी. पण आत्याचा आवाज आला की परक्या गावातला घासही गोड लागायचा.

संग्रहाच्या उद्घाटनाला मी ऐटीत भाषण केलं, ही गाणी आता कायमची राहिली असं म्हणालो आणि नळी लावली. सुपात तांदूळ पाखडावेत तशी नुसती खरखर. अध्यक्ष मान डोलावत होते. पहिल्या रांगेत खास कोलशेतहून आणलेली आत्या बसली होती, आणि ती डोलत नव्हती.

मग भाषण पुढे रेटावंच लागलं. "दोष यंत्राचा नाही," मी म्हणालो. "गावची आठवण येते म्हणून ग्रंथपालाने एकट्याने ऐकून ही नळी झिजवली. यापुढे प्रत्येक गाणं दोन नळ्यांवर भरू. एक ऐकायला, दुसरी कधीच न लावायला." लोक पोटभर हसले. पण तो धवला दुसरीकडे कुठेच साठवलेला नव्हता. मी आत्याला पुन्हा गायची विनंती केली.

ती उठली. लगीन कुणाचं आहे, असं तिने विचारलं. कुणाचंच नाही, मी म्हणालो.

"मंग नाय," ती म्हणाली. मग माझ्या कोटाकडे पाहत पुढे म्हणाली, "तूच बस ना पाटावर. कोलशेतला ये. दोन काय, चार नल्या भर."

माझ्या साऱ्या भाषणाला मिळाल्या नव्हत्या तेवढ्या टाळ्या तिला मिळाल्या. मुलगी तिनेच पाहिली आहे; येत्या मार्गशीर्षात नव्या नळ्या घेऊन निघतो आहे. कल्याणात मला हवं ते कपाट उघडलं की मिळतं. घरचं मात्र स्वतः पाटावर जाऊन बसल्याशिवाय मिळत नाही.