केमिस्ट्रीचा रिकामा रकाना

आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्राचार्य सगळ्या विज्ञान शिक्षकांना केबिनमध्ये बोलावतात. विषयवार निकालाचा तक्ता समोर ठेवतात आणि एकेकाला विचारतात. मेहकरला येऊन मला बरीच वर्षं झाली होती आणि या बैठकीची भीती कधीच वाटली नव्हती. केमिस्ट्रीचा निकाल फार वर जात नसे, पण लाज वाटावी असाही नसे.

त्या वर्षी प्राचार्यांनी तक्ता माझ्याकडे सरकवला.

"मॅडम, हे काय आहे?"

मी केमिस्ट्रीच्या लेखी परीक्षेचा रकाना वरून खाली वाचत गेले. चोपन्न, एक्केचाळीस, अठ्ठेचाळीस, ठीक चाललं होतं. आणि मग एकाखाली एक सतरा, पंधरा, अठरा, सोळा, सतरा. ऐंशीपैकी. रांगच्या रांग. कोणाची मुलं ती? सीट नंबरावरून नावं आठवेनात, पण त्या रांगेत माझी चांगली मुलं असणार एवढं कळत होतं, कारण वर्गातली अर्धी मुलं तिथे होती.

बाजूला बसलेले फिजिक्सचे सर कागदाकडे बघून खाली मान घालून बसले. वर्षभर मी काय शिकवलं, हाच एक प्रश्न डोक्यात घुमत होता.

"पेपर कठीण होता का?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही सर," मी म्हणाले. नव्हताच. पेपर सुटल्यावर मुलं बाहेर कडुलिंबाखाली उभी राहून एकमेकांना उत्तरं सांगत होती. दुसरबीड गावची एक मुलगी धावत माझ्याकडे आली होती, एका अभिक्रियेचं उत्तर बरोबर आलं का ते विचारायला. बरोबर होतं. तिचा चेहरा मला लख्ख आठवत होता.

मी तक्ता परत ओढला आणि उजवीकडे वाचायला लागले. त्या सतरा गुणांच्या शेजारी अंतर्गत मूल्यमापनाचा रकाना होता. त्यात एक्केचाळीस.

अंतर्गतला गुण वीसच असतात.

त्याच्या शेजारी प्रात्यक्षिक, पन्नासपैकी. तिथे बासष्ट.

"सर, हा तक्ता चुकलाय," मी म्हणाले. "पन्नासपैकी बासष्ट कसे पडतील?"

तक्ता परीक्षा विभागातल्या बाबूंनी केला होता. वयाने माझ्याहून मोठे, कामाला पक्के. प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. ते आले, कागद बघितला आणि तेही गोंधळले.

"मॅडम, म्या तं काही हातानं टाकलंच नाही. गॅझेट जसं आलं तसं एक्सेलमंधी घेतलं. पास पोरायची बेरीज पण जुळवून पाह्यली. जुळते."

मी बाबूंबरोबर त्यांच्या टेबलाशी गेले. विद्यापीठाकडून निकालाचं गॅझेट येतं ती एक साधी मजकुराची फाईल असते. तिच्यात रकाने नसतात, रेघा नसतात. सीट नंबर, मग थोडी जागा, मग आकडे आकडे आकडे, ओळीच्या टोकापर्यंत. पास झाला असेल तर शेवटी एकूण गुण. नापास असेल तर तिथे काहीच नाही. पानामागून पान अशाच ओळी, दर पानाच्या डोक्यावर पुन्हा तेच मथळे. बघणाऱ्याचे डोळे पाणावतात, पण काही दिसत नाही.

बाबूंनी ती फाईल एक्सेलमध्ये चिकटवली होती. सगळी ओळ एकाच घरात येते, ती तोडून रकान्यांत घालावी लागते. तोडताना त्यांनी एक्सेलला सांगितलं होतं, जिथे मोकळी जागा दिसेल तिथे तोड. आणि लागोपाठच्या दोन-चार मोकळ्या जागा आल्या तर त्या एकच समज.

"मंग त्यात काय चुकलं?" ते म्हणाले.

मी मूळ फाईलमधली दुसरबीडच्या मुलीची ओळ काढली. हॉलतिकिटांच्या यादीवरून तिचा सीट नंबर शोधला होता. चोपन्न गुणांच्या मुलाच्या ओळीखाली तिची ओळ नीट ठेवली, तेव्हा दोघांनाही दिसलं. फिजिक्सचे तीन आकडे वरच्या आकड्यांखाली सरळ येत होते. त्यानंतर वरच्या मुलाचे केमिस्ट्री लेखीचे चोपन्न. तिच्या ओळीत त्या जागी काहीच नव्हतं. नुसती मोकळी जागा. मग पुढे सतरा, तिचे अंतर्गतचे गुण. मशीनने ती मोकळी जागा गिळून टाकली होती आणि पुढचे सगळे आकडे एकेक घर डावीकडे सरकले होते. अंतर्गतचे गुण लेखीत, प्रात्यक्षिकाचे अंतर्गतमध्ये, गणिताच्या लेखीचे बासष्ट प्रात्यक्षिकात. पास झालेल्यांच्या ओळीत कुठेच जागा रिकामी नव्हती, म्हणून त्यांची बेरीज जुळली. नापासांना एकूण छापलेलंच नव्हतं, मग जुळवणार कशाशी?

"अरे बाप रे," बाबू खुर्चीत टेकले. "म्हंजे हे सगळं सरकलं म्हना."

क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे सतरा नव्हतेच. पण तो क्षण तेवढाच. सतरा नव्हते, मग काय होतं?

आम्ही तक्ता पुसून पहिल्यापासून सुरू केला. पानांच्या डोक्यावरचे मथळे काढले. या वेळी मोकळ्या जागेवर तोडायचं नाही, तर अक्षरं मोजून तोडायचं असं ठरवलं. सगळ्या अक्षरांची रुंदी सारखी असलेला टाईप लावला, तेव्हा आकडे आपोआप एकाखाली एक आले. मग एक्सेलमध्ये ठरलेल्या रुंदीचा पर्याय घेऊन जिथे जिथे एक विषय संपून दुसरा सुरू होतो तिथे उभ्या रेघा टाकल्या. सीट नंबर मजकूर म्हणून ठेवला. प्रत्येक रकान्यावर कमाल गुण लिहिले आणि त्याहून जास्त कुठे येतात का ते तपासलं. कुठेच येत नव्हते. या वेळी तक्ता खरा होता.

आणि त्या खऱ्या तक्त्यात केमिस्ट्रीच्या लेखी रकान्यात मधोमध एक भगदाड होतं. वर आकडे, खाली आकडे, मध्ये रिकामी घरं. सीट नंबर एकही न सुटता लागोपाठचे. दुसऱ्या कोणत्याच विषयात तसं नव्हतं.

बाबू हळूच म्हणाले, "मॅडम, हा तं दोन नंबरचा पूरा ब्लॉक होय. त्या खोलीतले सगळेच्या सगळे."

मला पहिल्यापेक्षा मोठा धक्का बसला तो इथे. लेखीचे गुणच नाहीत, म्हणजे विद्यापीठाने त्या पूर्ण खोलीला केमिस्ट्रीत गैरहजर धरलं होतं. ज्या मुलांना मी स्वतः पेपर सुटल्यावर बाहेर हसताना पाहिलं, ती त्या दिवशी आलीच नव्हती असं तो निकाल सांगत होता.

आम्ही केबिनमध्ये जाऊन सांगितलं तेव्हा प्राचार्यांनी कपाटातून परीक्षा केंद्राच्या हजेरीपत्रकाची प्रत काढली. प्रत्येक नंबरासमोर मुलांची सही, उत्तरपत्रिकेचा क्रमांक. एकही गैरहजर नाही.

"मग ही पोरं गप्प का बसली?" प्राचार्य एकदम ओरडलेच. "निकाल लागून दोन दिवस झाले. एकजण आलं नाही विचारायला?"

तो प्रश्न मलाही छळत होता. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अजून नुसतं 'अनुत्तीर्ण' एवढंच दिसत होतं, गुण दिसत नव्हते. पण तरी? मी फोन लावायला सुरुवात केली. बरेच बंद. जे लागले त्यांच्यापैकी कोणी रडलं, कोणी थंडपणे म्हणालं, "गेलं मॅडम आमचं." आपल्या मागचा-पुढचाही नापास आहे हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. लाजेपायी कोणी कोणाला विचारलंच नव्हतं.

दुसरबीडच्या मुलीचा फोन बंदच होता. प्राचार्यांना सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज विद्यापीठात न्यायचा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिंदखेडराजाकडे जाणारी एसटी पकडली. गावात विचारत विचारत त्यांच्या घरी पोचले. वडील ओट्यावर वांगी निवडून क्रेटमध्ये भरत होते. मला पाहून उठले.

"या मॅडम, या. पन आता येऊन काय उपेग? पोरीनं सांगतलं सगळं आमाले."

"काय सांगितलं?"

"पेपर कोरा देला म्हने. काहीच आठोलं नाही म्हने. म्या म्हनलं, जाऊ दे, माय. आपल्या नशिबात नसन."

मुलगी आतून आली. डोळे सुजलेले. मी तिला म्हणाले, "तू कोरा पेपर दिलास? तू मला त्या अभिक्रियेचं उत्तर येऊन सांगितलं होतंस ना?"

ती माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "मॅडम, मले सगळं लिवलेलं आठवते. पन नापास आलं. मंग मले वाटलं, मले जे आठवते तेच खोटं असन. घरी काऊन नापास झाली म्हनून इचारत होते. काय सांगू? मंग कोरा देला म्हनून सांगतलं."

मी अनेक वर्षं शिकवतेय. मुलं नापास झाल्यावर खोटं बोलतात, पेपर चांगला गेला होता म्हणतात, हे मला माहीत आहे. पण न केलेली चूक कबूल करणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहत होते. एका शब्दाच्या निकालाने तिचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडाला होता. मी पर्समधून तक्ता काढला आणि तिच्यासमोर जमिनीवर पसरला. बोटाने तो रिकामा रकाना वरून खाली दाखवला.

"हा तुझा नंबर. हा तुझ्या पुढच्याचा. हा मागच्याचा. तुमची पूर्ण खोली आहे ही. सगळ्यांनीच कोरे दिले होते का?"

ती वाकून बघत राहिली. मग बोट प्रत्येक नंबरावर ठेवत खाली गेली. वडिलांनीही हात पुसले आणि तिच्या शेजारी बसले.

"म्हंजे," ते तिला म्हणाले, "तू लिवलं होतं?"

"हाव, बाबा."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मंग तू आमाले खोटं काऊन सांगतलं व माय?"

तिने सही केली. प्राचार्य अर्ज, हजेरीपत्रकाची प्रत आणि तो तक्ता घेऊन विद्यापीठात गेले. त्या खोलीचे पेपर तपासलेले होते. गुणही भरलेले होते, पण जुन्या अभ्यासक्रमाच्या पेपरच्या कोडखाली. या मुलांच्या नंबरांशी ते जोडलेच गेले नव्हते. ज्याने ते भरले त्याच्या लक्षात आलं नाही आणि गॅझेटच्या दाट ओळींत नंतर कोणाला दिसलं नाही.

सुधारित निकाल आला तेव्हा एम.एस्सी.च्या प्रवेशाची मुदत संपायला आली होती. बहुतेक पास झाले, दोघं तरीही नापास राहिले. दुसरबीडच्या मुलीला प्रवेश मिळाला. पिंपळगाव राजाचा त्याच खोलीतला एक मुलगा मात्र पहिल्या निकालानंतर लगेच चाकणच्या कंपनीत लागला होता. मी त्याला फोन करून पास झाल्याचं सांगितलं.

"खरंच मॅडम?" तो म्हणाला. मागे मशीनचा आवाज येत होता. "मंग घरी सांगतो. पन आता परत नाही येत. खोली घेतली इथं."

आणि त्याची शिफ्ट सुरू होत होती म्हणून त्याने फोन ठेवला.