उपाशी पोटी गोळी

बंगळूरला बनशंकरीत माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे नात्यात कुठेही लग्न निघालं की माझी पर्स ही त्या दुकानाची शाखा समजली जाते. कुणाचे पाय दुखतात, कुणाला ढेकर येतात, कुणाला घरची गोळी सापडत नाही. सगळे माझ्याकडे येतात, मी सांगितलेलं मान हलवून ऐकतात आणि शेवटी आपल्याला हवं तेच करतात. धाकट्या भावाच्या लग्नात मात्र माझं ऐकलं गेलं. त्यासाठी मला जे बोलावं लागलं, ते मी सुखासुखी कधीच बोलले नसते.

आमच्यात नवरदेव मुहूर्तापर्यंत उपाशी असतो. आईवडीलही असतात. जेवणखाण बंद, पण कॉफी चालते. औषध चालतं. घरातल्या बायकांनी ही सवलत कधी आणि कोणाला विचारून घेतली देव जाणे, पण ती आहे, आणि तिच्याबद्दल कुणाला शंका नाही.

आदल्या संध्याकाळी बेळ्ळंदूरच्या ऑफिसातल्या मित्रांनी भावाला 'स्वल्प बसून येऊ' म्हणून नेलं. त्यांचं स्वल्प किती असतं ते मला सकाळी समजलं. छत्रातल्या, म्हणजे लग्नाच्या कार्यालयातल्या, नवरदेवाच्या खोलीत शिरले, तर हे महाशय न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलेले. तोंड राखेसारखं, डोळे मिटलेले, पुढ्यात बादली. बाजूला त्याचा एक मित्र उभा होता. उताऱ्याला एक बिअर पाजली की लगेच बरं वाटेल, असा त्याचा सल्ला. मी त्याला खोलीबाहेर घालवला.

"अक्का, डोकं फुटतंय," भाऊ म्हणाला. "पोटात काही राहत नाही. अप्पांना सांगू नको गं."

अप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांचा थोरला भाऊ दारूने गेला. आमच्या घरात हा विषय निघत नाही, कारण तो निघाला की अप्पा ताटावरून उठतात.

राग आला होता, पण रागवायला पुढे सगळा जन्म होता. आधी मी विचारायचं ते विचारलं. उलटीत रक्त दिसलं का? कॉफीच्या गाळासारखं काळपट काही? शौचाला काळं झालं का? लघवी झाली का? बोलणं नीट होतं, दिवस कोणता ते सांगता येत होतं. यातलं एक जरी बिघडलेलं असतं, तर मुहूर्त गेला चुलीत, मी त्याला थेट हॉस्पिटलात नेलं असतं. पण तसं काही नव्हतं. पोट सोलवटलेलं होतं आणि अंगातलं पाणी आटलं होतं, एवढंच.

पर्समधली ओआरएसची पुडी बाटलीभर पाण्यात कालवली आणि चमच्याने देत बसले. त्याला बाटली तोंडाला लावायची होती. "घटाघटा प्यायलास तर सगळं बादलीत येईल," मी म्हटलं. पहिले चमचे आलेच बाहेर. थोडं थांबून पुन्हा सुरुवात केली, तेव्हा राहिले.

एवढ्यात आत्या स्टीलच्या लोट्यातून घट्ट फिल्टर कॉफी घेऊन आली. "अय्यो, पित्त झालंय लेकराला! कॉफी घे, त्याने उपास मोडत नाही." असल्या पोटावर कॉफी म्हणजे आगीत तेल. ती मीच पिऊन टाकली.

आता त्याला खरी गरज होती ती मऊ भाताच्या गंजीची, आपल्या पेजेची. मीठ घातलेली, तूप नाही, फोडणी नाही. नाहीतर एखादं केळं, चटणीशिवाय इडली. स्वयंपाकाच्या अडिगेभटांना सांगितलं असतं तर क्षणात झाली असती. पण भटांना सांगायचं म्हणजे आईला कळणार, आणि आईला कळलं की अप्पांना.

कळायची वाट बघावी लागलीच नाही. आत्याने बाहेर जाऊन पित्ताची दवंडी पिटली आणि अप्पा स्वतः आत आले. खिशातून आपल्या गुडघ्याच्या गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी एक गोळी भावाच्या तळहातावर ठेवली.

"घे. औषधाने उपास मोडत नाही. डोकं दुखायचं थांबेल, म्हणजे नीट उभा राहशील."

भावाने लगेच गोळी तोंडाकडे नेली. डोकं ठणकणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? मी त्याचं मनगट धरलं.

"ही नको."

"का? मी रोज घेतो," अप्पा म्हणाले.

"तुम्ही जेवून घेता."

"मग तुझ्या पर्समधली साधी तापाची दे."

"तीही नको."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. नुसत्या पित्ताला कुणी दोन्ही गोळ्या नाकारत नाही, एवढं त्यांना कळत होतं. भाऊ डोळ्यांनी विनवत होता. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं.

"अप्पा, तो काल रात्री प्यायलाय. खूप. दारूने पोटाचं आतलं अस्तर सोललंय. त्यावर, तेही उपाशी, तुमची गोळी गेली तर रक्तस्राव होऊ शकतो. अॅस्पिरिन किंवा दुसरी तसली कुठलीही घेतली तरी तेच. आणि तापाची गोळी निस्तरावी लागते यकृताला. ते आधीच दारू निस्तरतंय, वर खायला काही नाही. मी आज त्याला कुठलीच दुखण्याची गोळी देणार नाही. अंगातलं पाणी भरून निघालं की डोकेदुखी आपोआप थांबेल. त्याला गंजी हवी आहे."

अप्पांनी भावाच्या हातातून गोळी उचलून परत घेतली.

"किती वेळ लागेल?"

"आत्ता सुरू केलं तर मुहूर्ताला उभा राहील. हळूहळू."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले आणि गेले.

गंजी त्यांनी स्वतःच आणून दिली. मागोमाग एक एळनीर, म्हणजे शहाळंही आलं, कापून, ग्लासात ओतून. खोलीत मात्र ते थांबले नाहीत. भाऊ एकेक चमचा गिळत होता, मध्ये थांबत होता, मळमळ सरली की पुढचा घेत होता. वाटी संपेपर्यंत त्याच्या तोंडावर रंग आला. मुहूर्ताला तो अंतरपाटामागे उभा राहिला. जरा फिकट, पण उभा.

पुढचं मला जेवणाच्या वेळी समजलं. मुहूर्त झाला, सगळ्यांचा उपास सुटला, आई पानावर बसली. अप्पा बसले नाहीत. आईने बोलावलं तेव्हा म्हणाले, "त्याचा उपास मी घेतलाय. उद्या सकाळी सोडेन." भटजींनी समजावलं, की आजाऱ्याला शास्त्रात सूट आहे, कुणी काही घ्यायचं कारण नाही. अप्पांनी ऐकून घेतलं आणि पाहुण्यांकडे वळले.

उन्हं उतरली तशी रिसेप्शनची रांग लागली. अप्पा दाराशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत होते. पाय आखडलेला दिसत होता. मी जवळ जाऊन विचारलं, तर खिशातली पट्टी चाचपून म्हणाले, "रिकाम्या पोटी नाही ना घ्यायची ही? तूच म्हणालीस." मी खुर्ची आणून ठेवली. त्यांनी खुर्चीही घेतली नाही.

भाऊ हे सगळं स्टेजवरून बघत होता. फोटो काढणाऱ्याला थांबवून तो खाली उतरला, पंगतीतून दहीभाताची ताटली घेतली आणि दाराशी आला. "अप्पा, दोन घास खा. गोळी घ्या. मी पुन्हा नाही पिणार."

अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात टेकला, आपलं सगळं वजन त्याच्यावर टाकलं आणि पुढच्या पाहुण्याला नमस्कार केला. भाताकडे त्यांनी पाहिलंही नाही.